शूटचा शेवटचा दिवस आणि पाऊस : तुमचे अनुभव सांगा

बूमवाला
काल रात्री जुळे सोलापुरात अवचित पाऊस झाला, शेजारच्या पत्र्यावर वाजायला लागला आणि मला आमच्या एका लघुपटाचा शेवटचा दिवस आठवला. मी लोकेशन साउंड करतो. तुमच्याकडंही असे दिवस असतील, जरूर लिहा.

शूट पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात होतं. शेवटचा सीन गच्चीवर, उन्हं उतरताना. म्हातारा विणकर बाप आणि गाव सोडून निघालेली मुलगी, सगळा सीन बोलण्याचा. मालकांनी आपले माग बंद ठेवले होते, शेजारच्या कारखान्यालाही तासभर थांबायला राजी केलं होतं, कारण मागाचा खटखटाट एकदा डायलॉगखाली बसला की तो निघत नाही. ऑक्टोबरची सुरुवात, परतीचा पाऊस. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि जो धरला तो धरलाच. मुलीचं काम करणारी ताई त्याच रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाणार, म्हणजे उद्या वगैरे काही नाही.

डायरेक्टर म्हणाला सीन खाली शेडमध्ये घेऊ, बाप मागापाशी बसलाय असं करू, तू फक्त गाइड ट्रॅक घे, मुंबईत डब करू. शेड चालेल, पण डबिंगला मी नाही म्हणालो. बापाचं काम करणारे अण्णा खरे विणकर, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्यांच्या मराठीला जो हेल आहे तो दोन महिन्यांनी काचेच्या खोलीत पडद्यावरच्या ओठांकडे बघत येणार नव्हता.

मालकांनी गोदामातले रिजेक्ट टॉवेल दिले, पोरांनी ते शेडच्या पत्र्यावर पसरले. भिजून जड झाले तसा तडतड आवाज बोथट झाला, गेला मात्र नाही. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, फ्रेमच्या कडेला जेमतेम लपेल इतका खाली आणला. आणि डायरेक्टरला एवढंच म्हणालो की तुकडे करू नको, लांब टेक घे, कारण पाऊस मिनिटामिनिटाला बदलतो आणि कट मारला की तिथं पाऊस उडी मारतो.

टेक ओके झाल्याबरोबर दोघांना चादरींच्या गोदामात नेलं. छतापर्यंत गाठी रचलेल्या, टाळी वाजवली तर जागच्या जागी मरत होती. एवढी चांगली खोली मला पैसे देऊनही मिळाली नसती. तिथं कॅमेऱ्याशिवाय तेच डायलॉग परत, म्हणजे वाइल्ड ट्रॅक, ओळ तोंडात ताजी असताना. आणि तिथंच घोळ झाला. अण्णांचा आवाज एकदम बारीक. शेडमध्ये पावसावर मात करायला त्यांनी आवाज चढवला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. गोदामात शांतता मिळाल्यावर ते कानात सांगितल्यासारखं बोलायला लागले. चित्रावर लावलं असतं तर माणूस वेगळा आणि आवाज वेगळा. "अण्णा, मोठ्यानं बोला" म्हटलं तर भाषण व्हायला लागलं.

मग शेडमध्ये नुसता पाऊस रेकॉर्ड करून आणला, हेडफोनचा एक कप त्यांच्या कानावर दाबून धरला आणि पाऊस चालू केला, दुसरा कान ताईचं ऐकायला मोकळा. अण्णा म्हणाले, "हां, आता बरोबर," आणि आवाज आपोआप वर आला, श्वास घ्यायच्या जागासुद्धा तिथंच पडल्या. निघायच्या आधी त्याच माईकनं त्याच जागेवरून पाच मिनिटं पाऊस परत घेतला, एडिटमध्ये सगळ्या कटांखाली तोच अंथरला. एक ओळ शेवटपर्यंत जुळली नाही, अण्णांनी ती गोदामात लांबवली होती. ती एडिटरनं ताईच्या चेहऱ्यावर टाकली.

शाळू_पेरणारा
परतीचा पाऊस म्हणजे आमच्याकडं शाळूची ओल. तुमचा सीन गेला पण मंगळवेढ्याला त्या पावसावर पेरण्या झाल्या असतील बघा. ह्या वर्षी कसं काय तिकडं? आमच्याकडं अजून वापसा नाही

पुणेकर_निशा
छान लिहिलंय. पण आता सॉफ्टवेअरनं पाऊस काढता येतो ना? माझा भाऊ पॉडकास्ट करतो, पंख्याचा आवाज एका बटणात जातो त्याचा. मग एवढा खटाटोप कशाला?

बूमवाला
निशाताई, पंख्याचं बरोबर आहे. तो एकसारखा घूं करतो, त्याचा नमुना घेऊन वजा करता येतो. पत्र्यावरचा प्रत्येक थेंब वेगळा असतो आणि तो 'स', 'च', 'त' जिथं ऐकू येतात तिथंच पडतो. थोडा कमी होतो, पण जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा लागतो. पाऊस नंतर घालता येतो, पुरता काढता येत नाही.

कोल्हापूरचा_दादा
मालिकांवर बरीच वर्षं साउंड केलंय. टॉवेल भारी, पण आम्ही काथ्याचे पायपुसणे टाकतो, थेंब त्यात फुटतो आणि पाणी खाली गळून जातं. टॉवेल पूर्ण भरला की त्यावर पाण्याचा थर येतो आणि परत टपटप सुरू. आणि तुम्ही लेपल का नाही लावला? छातीवर माईक म्हणजे तोंड जवळ, पाऊस लांब. निम्मं काम तिथंच झालं असतं.
अजून एक, रिमझिम कॅमेऱ्याला दिसतच नाही, मागून लाइट असला तरच दिसते. त्यामुळं डायरेक्टर म्हणतो पाऊस थांबला, आणि आपल्या कानात चालूच. ह्यावरून भांडणं झालीयेत आमची.

बूमवाला
दादा, टॉवेलचं अगदी तसंच झालं, मधे एकदा पोरांना वर पाठवून पिळून घ्यावे लागले. लेपल लावला होता. अण्णांचा शर्ट कडक खळीचा, हात हलला की खसखस. त्यात दमट हवेनं कॅप्सूल ओली झाली, हेडफोनमध्ये लाह्या फुटल्यासारखं यायला लागलं. तसं आलं की मी तो माईक वापरत नाही, सिलिका जेलच्या डब्यात टाकतो आणि दुसरा घेतो. गरम लाइटसमोर धरू नये, माईकचा आतला पडदा जातो.

कोल्हापूरचा_दादा
खळीचा शर्ट असला तर आतून बनियनला चिकटवायचा. माझं मत अजून लेपलच. बूमवर टॉवेल घालूनही शेड ऐकू येणारच.

रेखा_एम
माझ्या भाच्याच्या हळदीला असाच पाऊस आला, मांडव पडला, डीजेवाला वायरी गुंडाळून पळाला. व्हिडिओत आवाजच नाही आला, फक्त आत्याबाई ओरडताना ऐकू येतायत 😄 तो आवाज आता परत आणता येईल का कुणाला? पेन ड्राइव्ह आहे माझ्याकडं

बूमवाला
रेखाताई, रेकॉर्ड झालेलाच नसेल तर नाही येणार. पण आवाज आहे आणि बारीक आहे असं असेल तर ओरिजिनल फाइल बघा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको.

पूर्वभागची_लेक
अण्णांचं वाचून माझे नाना डोळ्यासमोर आले. मागावर उभं आयुष्य गेलं त्यांचं. कारखान्यात बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ वाचणं, ओरडलं तरी शेजारच्या मागावर पोचत नाही. घरी आले तरी तसंच मोठ्यानं बोलायचे, आई म्हणायची गल्लीला कळतंय तुमचं. लहानपणी वाटायचं रागावलेत. नंतर कान तपासले तेव्हा कळलं की वरचे आवाज त्यांना येतच नव्हते, चिमणी, कुकरची शिट्टी काही नाही. तुमचे अण्णा पावसात आवाज चढवून बोलले ना, ती सवय मागाची असणार.

बूमवाला
ताई, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं असं कुणी म्हणालं तर खरंय, पण मला आत्ता तुमच्यामुळं कळतंय. अण्णा हेडफोनवर पाऊस वाढवा वाढवा म्हणत होते. मला वाटलं त्यांना मजा येतेय.

पुणेकर_निशा
मग त्यांना डायलॉग कोण सांगत होतं? ऐकू यायचा प्रॉब्लेम असेल तर?

बूमवाला
ताई समोर बसून ओठ हलवत होती. ती बोलली की ते तिच्या तोंडाकडंच बघायचे, आम्हाला वाटलं अभिनय.

शाळू_पेरणारा
ते रिजेक्ट टॉवेल कुठं मिळतात ओ, मळणीला घाम पुसायला बरे पडतील. किलोवर देतात म्हणे

पूर्वभागची_लेक
अक्कलकोट रोड एमआयडीसीत विचारा, कारखान्यातूनच देतात. सकाळी जा.