शुगर नॉर्मल, मग मेटफॉर्मिन कशाला?

वाईकर: वहिनीला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाच्या बिघाडानं पाळी वेळेवर येत नाही. शुगर नॉर्मल, तरी डॉक्टरांनी डायबेटिसची गोळी चालू केली. वजन उतरवलं की पाळी आपोआप येते. या मुलींना जिभेवर ताबा नको, गोळी हवी.

रानजाई: जिभेचं बोललात म्हणून लिहितेय. माझीही उपाशीपोटी शुगर ९२ होती, पण मान काळी पडलेली. आई उटण्यानं घासायची. तो मळ नव्हता. शुगर ९२ वर राखायला स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतत होतं, त्याची ती खूण. तेच इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन हे पुरुषी हार्मोन जास्त करायला लावतं, मग बीजं अर्धवट वाढून थांबतात. माझी पाळी सत्तर-सत्तर दिवसांनी यायची.

ते इन्सुलिन उतरावं म्हणून मेटफॉर्मिन. गोळी रात्रीच्या जेवणासोबत ५०० पासून सुरू झाली, पंधरा-पंधरा दिवसांनी वाढवत १५०० वर नेली. पहिले दहा दिवस पोट असं बिघडलं की ऑफिसची बस चुकायची. जेवणाआधी घेतली तर हमखास. पाच महिन्यांत वजन ७४ चं ६९ झालं, पाळी ३६ दिवसांवर आली. पाचच किलो, बारीक नाही झाले मी.

वाईकर: म्हणजे वजनानंच आली ना?

रानजाई: रोज पाऊण तास चालतही होते. गोळीनं किती, चालण्यानं किती, मला वेगळं काढता येत नाही. तुम्हालाही नाही.

मोगरा: माझं वजन ४८ आणि पाळी दोन-दोन महिने गायब. मी काय उतरवू?

सातारी: खरा घोळ उपवासाचा! सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि ताटात साबुदाणा, बटाटा, वर केळं. सासूबाईंना सांगून थकले.

वाईकर: आमच्या आज्यांनी जन्मभर साबुदाणा खाल्ला, त्यांना काही झालं नाही.

सातारी: त्या दिवसभर शेतात राबायच्या. आणि त्यांची पाळी चुकली तर तुमच्या आजोबांना कोण सांगणार होतं?

ओपीडीतली: साबुदाणा जरा बाजूला ठेवा. उपाशीपोटीच्या एका शुगरवर नॉर्मल म्हणू नका; ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघतात, तिथे चढलेली शुगर असलेल्या पुष्कळजणी सापडतात. मोगरा, सडपातळ बाईतही इन्सुलिन चढलेलं असू शकतं. मूल हवं असेल तर मात्र एकट्या मेटफॉर्मिनवर विसंबू नका. २००७ साली अमेरिकेत ६२६ बायकांवरचा अभ्यास छापून आला. मेटफॉर्मिनवर १०० पैकी सातजणींना मूल झालं, बीज सुटायला देतात त्या क्लोमिफेनवर बावीस-तेवीस जणींना. आणि नको असेल तर आधी सावध व्हा. गोळीनं पाळी परत सुरू होते, तेव्हा बीज त्या पहिल्या पाळीच्या आधी सुटतं. पाळीच येत नाही म्हणून बिनधास्त राहिलेल्या बायका आमच्याकडे दिवस गेल्यावर येतात.

सातारी: पण उपवासाचं काय? भगर चालते का?

वाईकर: वहिनीची मान काळी आहे. आम्ही समजत होतो, मंगळसूत्र घासतं.