फुप्फुस गाळणी आहे की नुसतं वाटेत येतं?

दिंडोरीचा बागायतदार: सकाळी ड्रिपचा फिल्टर धूत होतो, तेव्हा बारावीतली पोरगी म्हणाली, बाबा, फुप्फुस पण असंच शिरांतून आलेल्या रक्तातल्या बारीक गुठळ्या अडवतं. मला नाही पटत. नळ्या बारीक म्हणून गुठळी अडकते, त्याला काय काम म्हणायचं? नाल्यात दगड अडकला म्हणजे नाला गाळणी झाला का?

पंप_वाला: दगड विरघळत नाही ना दादा, फरक तिथेच आहे. मी इथेच नाशकात हार्टच्या ऑपरेशनला बायपास मशीन चालवतो. मशीनवर रक्त फुप्फुस वगळून थेट महाधमनीत जातं, म्हणून त्या लाइनवर आम्ही 40 मायक्रॉनच्या आसपासचा वेगळा फिल्टर लावतो, नाहीतर बुडबुडा नाहीतर कचरा सरळ मेंदूत जायचा. फुप्फुसातल्या केशवाहिन्या तर 7-8 मायक्रॉनच्या, आणि त्यांचं अस्तरच गुठळी विरघळवायची यंत्रणा चालू करतं. म्हणजे बॅकवॉश आपोआप, तुमच्यासारखं रोज सकाळी उठून धुवायला नको 😄

सिडकोची_मावशी: माझ्या बीपीच्या गोळीने चार महिने कोरडा खोकला येतोय, गाळणी तुंबली असेल का हो?

सातपूर_कट्टा: मावशी, गोळीचं नाव प्रिलने संपतं का? फुप्फुसात अँजिओटेन्सिन बनतं, ते बीपी वाढवतं, गोळी ते बंद पाडते, फुप्फुस चिडतं आणि खोकला येतो. सिंपल.

पंप_वाला: अर्धं बरोबर. मूळ माल लिव्हरचा, किडनीतलं रेनिन तो कापून अँजिओटेन्सिन वन करतं, ते तसं निरुपद्रवी. त्याचं टू करणारं एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतं, किडनीत वगैरे पण आहे, पण शरीरातलं सगळं रक्त फुप्फुसातून फिरतं म्हणून तिथे मोठा वाटा. तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन पण मोडतं. गोळीने ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि घसा खवखवतो, खोकला बहुतेक त्यामुळेच. मावशी, तुंबलं वगैरे काही नाही, पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते बहुतेक सार्टनवाली देतील. प्रिलचाच खोकला असेल तर बदलल्यावर साधारण महिन्याभरात जातो, नाही गेला तर कारण दुसरं शोधायचं.

दिंडोरीचा बागायतदार: हे एन्झाइमचं काम मान्य, तिथे रसायन बदलतंय. पण गाळणीचं अजून नाही. पायातली मोठी गुठळी आली की माणूस एका झटक्यात जातो, ही कसली गाळणी?

पंप_वाला: ड्रिपच्या फिल्टरमध्ये गोणपाट कोंबलं तर तो पण चोक होईलच की. बारीक गुठळ्यांनी थोड्याच केशवाहिन्या बंद पडतात, बाकीच्यांतून रक्त चालू राहतं, तोवर त्या विरघळतात. आणि चारातल्या साधारण एकाच्या हृदयात वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासूनची बारीक फट असते, बहुतेकांना पत्ताही नसतो. कुंथताना, खोकताना उजवीकडचं प्रेशर वाढलं की गुठळी तिथून डावीकडे निसटू शकते, फुप्फुसात न जाता, आणि तरुण माणसाला स्ट्रोक. गाळणी चुकली की काय होतं ते तिथे दिसतं.

दिंडोरीचा बागायतदार: म्हणजे वाट चुकल्यावर काय होतं ते कळलं. पण ती वाट त्यासाठीच केलीय हे कुठे सिद्ध झालं? पोरगी म्हणते मी मुद्दाम ताणतोय.

सिडकोची_मावशी: गोळी प्रिलवालीच निघाली. उद्या जाते डॉक्टरांकडे.