पिल्लाच्या पहिल्या गाण्याला काय म्हणावं?

मृणाल: झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यावरचा लेख मराठीत आणतेय. नर पिल्लू आधी बापाचं गाणं नुसतं ऐकतं. महिना उलटला की स्वतःशीच हलक्या आवाजात काहीतरी काढू लागतं, आणि ९० दिवसांच्या आसपास गाणं पक्कं होतं ते कायमचं. या पहिल्या आवाजाला 'सबसाँग' म्हणतात. 'उपगीत' अगदी निर्जीव वाटतं. 'बोबडे बोल' चालेल?

रमेश: सरळ 'किलबिल' लिहा की.

मृणाल: किलबिल थव्याची असते. हे एकटंच असतं, कुणाला ऐकवायला नाही.

वसंतराव: पण पक्षी गाणं शिकतात हेच मला पटत नाही. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, तरी कुहूकुहूच करतं ना?

शर्वरी: कोकिळेबद्दल तुमचं बरोबर आहे, काका. तिचा आवाज उपजतच असतो. फिंच, चिमण्या, दयाळ यांच्या कुळाचं तसं नाही. डेन्स बॅरिंग्टन या इंग्रज अभ्यासकाने लिनेट पक्ष्याची पिल्लं चंडोलाच्या सहवासात वाढवली, तर ती चंडोलाचं गाणं शिकली, असं त्याने १७७३ साली लिहिलं. त्यानेच या पहिल्या आवाजाची तुलना बोलू पाहणाऱ्या मुलाशी केली होती.

मृणाल, 'बोबडे बोल' मी पुढच्या टप्प्याला ठेवेन. बोबडं मूल 'तात्या'ला 'ताता' म्हणतं, पण शब्द ओळखू येतो. सबसाँगमध्ये बापाच्या गाण्यातलं काहीच ओळखू येत नाही. ते तान्ह्याच्या 'अगूं-अगूं'सारखं असतं. काही आठवड्यांनी सूर ओळखीचे होतात, पण क्रम चुकतो, मधलाच तुकडा गळतो. बोबडं म्हणावं ते तेव्हा.

इरफान: मग पहिल्याला 'गुणगुण' म्हणा.

शर्वरी: गुणगुणायला चाल आधी यावी लागते.

इरफान: चाल डोक्यात असतेच ना? ऐकून झालेली असते.

शर्वरी: हा मुद्दा मोलाचा आहे. कोनिशी या पक्षी-संशोधकाने १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या एका चिमणीवर हेच तपासलं. पिल्लांनी गाणं ऐकलं होतं, पण गायला लागण्याआधीच त्यांची श्रवणशक्ती काढली, तर मोठेपणी गाणं विस्कटलेलंच निघालं. म्हणजे चाल डोक्यात असून भागत नाही, स्वतःचा आवाज ऐकत ऐकत तो तिच्याशी जुळवावा लागतो. गुणगुणणाऱ्याला तो कष्ट नसतो.

मृणाल: म्हणजे पहिला 'हुंकार', दुसरा 'बोबडं गाणं'. 'हुंकार' मला आवडला.

वसंतराव: हुंकार म्हणजे होकार देणं. आमच्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार भरतात.

इरफान: आमच्या अंगणातला दयाळ फेब्रुवारीत झुडपात बसून चोच जेमतेम हलवत असंच काहीतरी गात होता. तो तर चांगला मोठा नर.

शर्वरी: मोठे पक्षीही हंगामाआधी असं हलकं गातात, त्यालाही सबसाँगच म्हणतात. त्याला मात्र 'गुणगुण' शोभेल, कारण त्याला चाल येते. आता एका इंग्रजी शब्दाला मराठीत दोन शब्द ठेवायचे का?

मृणाल: लेखात पिल्लू आणि मोठा पक्षी दोन्ही आहेत. तूर्त दोन ठेवते. वसंतराव, 'हुंकारा'ऐवजी तुमच्याकडे तान्ह्याच्या आवाजाला काय म्हणतात?