सकाळी भूक लागत नाही, यात कॉर्टिसोलचा दोष किती?

सुहास_नाशिक
जे वर्षानुवर्षं नाश्ता करत नाहीत त्यांना सकाळी भूक लागत नाही, कारण त्यांचं कॉर्टिसोल कायम वाढलेलं असतं. स्ट्रेस हार्मोन भूक मारून टाकतं. लोक याला सवय म्हणतात, पण ही शरीर बिघडल्याची खूण आहे. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक असेच आहेत.

ऋजुता
हा मजकूर महिन्याभरात तिसऱ्यांदा समोर आला, म्हणून सविस्तर लिहिते. बावीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवते आहे. प्रत्येक गोष्टीचं बिल कॉर्टिसोलच्या नावावर फाडलेलं मला बघवत नाही.

दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन घेणारं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा. ही गोळी कॉर्टिसोलच्याच जातीची. ती सुरू झाली की माणूस रात्री उठून डबे उघडतो. उलट, ॲडिसनच्या आजारात शरीर पुरेसं कॉर्टिसोल बनवत नाही आणि त्या रुग्णाची अन्नावरची वासनाच उडते. म्हणजे तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलट.

सकाळी कॉर्टिसोल चढतं ते सगळ्यांचंच. नाश्ता करणाऱ्यांचंही. पहाटे ते वर जायला लागतं आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात टोक गाठतं. रात्रभर उपाशी असूनही रक्तातली साखर टिकते ती यकृत साखर सोडत राहतं म्हणून, आणि त्या कामाला कॉर्टिसोलचा हातभार असतो. त्यामुळे सकाळी आठला शरीराची उपासमार होत नसते, पण भूक दाबली जाते ती याने नव्हे.

भुकेला स्वतःचं घड्याळ आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा जणांना तेरा दिवस प्रयोगशाळेत ठेवलं होतं. त्यांची झोप आणि जेवणं दिवसरात्रीच्या चक्रापासून मुद्दाम तोडली होती. तरी शरीराच्या घड्याळात सकाळी आठच्या सुमारास भूक सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त भरली. ही ओहोटी उपजत आहे. सवयीचं काम त्यानंतर सुरू होतं. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन निघतं, 1999 साली जपानमध्ये ते सापडलं. तुम्ही रोज ज्या वेळी जेवता त्या वेळेच्या थोडं आधी ते वर येतं. रोज साडेआठला खाणाऱ्याच्या पोटात आठला ते हजर. ज्याचं पहिलं जेवण दीडला, त्याच्याकडे आठला ते येतच नाही. ओहोटी आहेच, तिच्यावर उठणारी लाट नाही. म्हणून काही वाटत नाही.

सुहास_नाशिक
मग परीक्षेच्या दिवशी घास उतरत नाही, तो काय प्रेडनिसोलोनमुळे? मी दहावी-बारावी दोन्हीला उपाशीपोटी पेपर दिलेत. ताणाने भूक मरते हे अनुभवाचं आहे, पुस्तकातलं नाही.

ऋजुता
मरते, हे मान्य. पण ती ॲड्रेनलिनने आणि मेंदूतून कॉर्टिसोलला हुकूम देणारं जे हार्मोन सुटतं त्याने. त्या तास-दोन तासांचा हिशेब वर्षानुवर्षांच्या सकाळींना लावता येणार नाही.

माळावरचा
दीक्षितांचे दोन वेळा, 55 मिनिटं सुरू करून मला सहा वर्षं झाली. पहिले दहा दिवस सकाळी नऊला पोटात कालवाकालव व्हायची, डोकं चढायचं. पंधरवड्यानंतर काही नाही. इन्शुलिन खाली राहिलं की भूक लागतच नाही, साधं गणित आहे.

ऋजुता
अनुभव बरोबर, कारण अर्धं. इन्शुलिन खाली असूनही तुम्हाला जेवणाच्या वेळी भूक लागतेच ना? नऊची कालवाकालव ही जुन्या वेळेची लाट होती. न खाताही ती तासाभरात ओसरत असणार. एक दिवसाहून जास्त उपाशी ठेवलेल्या लोकांमध्येही घ्रेलिन जेवणाच्या वेळेला चढून आपोआप उतरताना मोजलं आहे.

माळावरचा
ओसरायची, खरं आहे. पण चहाने ओसरायची असं मला वाटायचं.

वैशाली_सातारा
हा चहा काढलात ते बरं झालं. दोन चमचे साखर आणि निम्मं दूध घातलेला कप, त्यात दोन बिस्किटं, असे दहा वाजेपर्यंत तीन कप. आणि वर म्हणायचं, मी नाश्ता करत नाही!

माळावरचा
माझा चहा बिनसाखरेचा, बिनदुधाचा असतो. न विचारता आरोप करू नका.

वैशाली_सातारा
तुमच्याबद्दल नाही, मी माझ्याबद्दल बोलते आहे. लग्न होऊन आले तेव्हा सकाळी पावणेसहाला उठून अकरा माणसांचे पोहे करायचे. सासरे, दीर, मुलं, मग सासूबाई, आणि शेवटी मी. माझी पाळी येईपर्यंत साडेदहा वाजायचे आणि कढईत तळाचे गार पोहे. मग तेही नकोसे झाले. नुसता गोड चहा, पुन्हा चहा. सगळे म्हणायचे, वहिनींना सकाळी भूकच नसते. सत्तावीस वर्षं मीही तेच सांगत आले. ती सवय मी लावून घेतली नव्हती, मला लावली गेली होती.

सुहास_नाशिक
विषय हार्मोनचा आहे, त्यात सासू कशाला?

वैशाली_सातारा
वेळ कोण ठरवतं हाच विषय आहे. ज्याला आठला ताट समोर येतं त्याने दुसऱ्याच्या भुकेचं निदान करू नये.

ऋजुता
सुहास, त्यांचं बोलणं विषयाला धरूनच आहे. घ्रेलिनला कारण कळत नाही, फक्त वेळ कळते. वैशालीताई, तुमच्या बाबतीत रात्रीचं जेवण किती वाजता होतं?

वैशाली_सातारा
सगळ्यांचं आटपून साडेदहा. आता घरात दोघंच आहोत, तर साडेआठला जेवते. गेल्या महिन्यापासून ठरवून रोज सव्वाआठला एक भाकरीचा चतकोर आणि वाटीभर उसळ खाते. पहिला आठवडा औषध घेतल्यासारखं गिळलं. अकराव्या की बाराव्या दिवशी आठलाच पोटात गुरगुरलं. मी गॅसपाशी तशीच उभी राहिले. मग एका रविवारी गावाला निघायच्या गडबडीत खाल्लं नाही, तर साडेनऊला भूक आपली आपण गेली.

ऋजुता
याहून स्वच्छ उदाहरण मी वर्गात दिलेलं नाही. रात्रीचं जेवण दोन तास अलीकडे आलं, त्याचाही यात वाटा असणार. दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कोणाचा किती ते सांगता येणार नाही.

पांडुरंग_६२
म्हणजे नाश्ता नाही केला तरी चालतो हे सिद्ध झालं. मला साखर आहे. मागे भूक नाही म्हणून सकाळी न खाता ग्लिमेपिराइड घेतली. साडेअकराला हात थरथरले, घाम फुटला, बँकेच्या रांगेत खाली बसलो. शेजारच्याने पेढा दिला म्हणून निभावलं. तेव्हा तुम्ही लोक फार खात्रीने बोलू नका.

ऋजुता
काका, न खाता चालतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तुमची गोळी पोटात काही नसलं तरी इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही भुकेची वाट बघायचीच नाही. खाऊन गोळी घ्यायची, आणि खाणं टाळायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलायची. आणि सगळ्यांसाठी: फक्त सकाळची भूक नसेल आणि दुपारी ताट साफ होत असेल तर ती वेळेची गोष्ट. दुपारीही नकोसं वाटतं, वजन उतरतंय, उठल्यावर मळमळतं, किंवा तळहाताच्या रेषा काळवंडल्यात, तर तपासणी करा. त्या तपासणीत कॉर्टिसोल कमी निघू शकतं.

सुहास_नाशिक
ऑफिसात विचारलं. सकाळी न खाणारे सात जण, त्यांतले पाच रात्री साडेदहानंतर जेवतात. वेळेचा मुद्दा घ्यावा लागेल. पण ते पाचही जण ताणात आहेत, हेही लिहून ठेवा.

माळावरचा
मग त्यांना आधी रात्री आठला जेवायला सांगा.

वैशाली_सातारा
आणि आठला ताट कोण वाढणार, तेही त्यांना विचारा.