घटस्फोटाच्या मराठी निकालाचं भाषांतर आणि यूएससीआयएसची नोटीस

मीनल, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी आय-130 अर्ज भरला आहे. माझा पहिला घटस्फोट सातारा जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात परस्पर संमतीने झाला, निकाल मराठीत आहे. भाषांतर भारतातूनच करून घेतलं, त्यावर नोटरीचा शिक्काही आहे. आता यूएससीआयएसचं, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याचं, पत्र आलंय की भाषांतर पूर्ण नाही, आणि दुसऱ्या लग्नाआधी पहिलं लग्न संपल्याचं दिसत नाही. हे दुसरं मला कळतच नाही. हुकूमनामा 10/03/2018 चा, आमचं लग्न 5 ऑगस्ट 2018 चं. नोटरी दुसरा बघू का?

सुहास, शिकागो

नोटरीला इथे कोण विचारतो? भाषांतरावर अपॉस्टिल हवं. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, परराष्ट्र मंत्रालय करून देतं. तेवढं केलंत की काम झालं.

वर्षा, बोस्टन

मीनल, सुहास नोटरीबद्दल म्हणतात ते बरोबर आहे. सही कुणाची, एवढंच नोटरी सांगतो. पण अपॉस्टिलही या कामाला लागत नाही. त्याने मूळ कागदावरची सही-शिक्का खरा ठरतो, भाषांतर बरोबर आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. यूएससीआयएसला दोनच गोष्टी हव्या असतात: पूर्ण इंग्रजी भाषांतर, आणि 'हे पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं भाषांतरकाराचं सही-तारखेसह लेखी प्रमाणपत्र. खाली नाव-पत्ता असावा.

तुझ्याकडचे दोन्ही कागद स्कॅन करून मला वेगळ्या मेलवर पाठव. लिस्टवर टाकू नकोस.

अनिल, टोरांटो

आमच्याकडे भाच्याच्या स्टडी परमिटसाठी गावाकडच्या जमिनीचं खरेदीखत लावायचं होतं. बायकोचं इंग्रजी उत्तम, तिने रात्री बसून भाषांतर केलं. पण कॅनडात नातेवाइकाने केलेलं चालत नाही. प्रमाणित भाषांतरकार नसेल तर करणाऱ्याचं शपथपत्र लागतं. तुम्हीही घरच्यांकडून करू नका.

वर्षा, बोस्टन

अनिल, अमेरिकेच्या नियमात नातेवाइकांना तशी मनाई लिहिलेली नाही. तरी मी बाहेरच्याकडूनच करून घेईन.

मीनल, कागद पाहिले. तुझी नक्कल सात पानांची आणि भाषांतर दीड पानाचं. त्यात फक्त शेवटचा 'आदेश' आहे. वर अर्जातली हकीकत, दोघांचे जबाब, निशाणी क्रमांक, सगळं गाळलंय. शेवटच्या पानामागे नक्कल विभागाचा शिक्का आहे: अर्ज कधी, नक्कल तयार कधी, दिली कधी. तेही भाषांतरात हवं. गोल शिक्क्याची अर्धी अक्षरं पुसली आहेत, तिथे 'शिक्का, अंशतः अवाचनीय' एवढंच लिहायचं. अंदाजाने न्यायालयाचं नाव पूर्ण करायचं नाही.

आता दुसरा मुद्दा. भाषांतरकाराने तारीख जशीच्या तशी 10/03/2018 ठेवली आहे. इथे आधी महिना वाचतात, म्हणजे 3 ऑक्टोबर! तुमच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी घटस्फोट झाला, असं त्या अधिकाऱ्याला दिसलं असणार. नव्या भाषांतरात प्रत्येक तारखेचा महिना अक्षरात लिहून घे: 10 मार्च 2018.

मीनल, न्यू जर्सी

वर्षाताई, आता त्या पत्राचा अर्थ लागला. आणखी एक विचारते. निकालात माझं सासरचं नाव आहे. पहिल्या लग्नात पाळण्यातलं नावही बदललं होतं, म्हणून 'अमुक उर्फ मीनल' असं लिहिलंय. पासपोर्टवर फक्त मीनल. भाषांतरात पासपोर्टप्रमाणे करून घेऊ?

वर्षा, बोस्टन

अजिबात नको. निकालात आहे तेच, उर्फसकट, इंग्रजीत यायला हवं. भाषांतरकाराने नाव सुधारलं तर मूळ आणि भाषांतर जुळत नाही आणि त्याचं प्रमाणपत्रच खोटं ठरतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, याचा पुरावा वेगळा जोड: जुना पासपोर्ट, पहिल्या लग्नाचा दाखला, जे असेल ते.

सुहास, शिकागो

माझ्या मते त्यासाठी शपथपत्र लागेलच.

वर्षा, बोस्टन

जुन्या पासपोर्टवर ते नाव असेल तर कदाचित नाही. हे वकिलाला विचार, मीनल, मी छातीठोक सांगणार नाही. मात्र उत्तर तुकड्यातुकड्याने पाठवू नकोस. मराठी नकलेची मागच्या बाजूसह प्रत, नवं भाषांतर, प्रमाणपत्र, नावाचा पुरावा आणि त्यांचं मूळ पत्र, सगळं एकाच वेळी जायला हवं. नंतर पाठवलेलं पाहतीलच असं नाही. पत्रावरच्या शेवटच्या तारखेला ते पोचलेलं हवं, नुसतं टपालात पडून भागत नाही.

मीनल, न्यू जर्सी

जुना पासपोर्ट आईकडे कराडला आहे. आज रात्रीच फोन करते. मराठी न्यायालयीन कागद नीट करणारं कुणी इथे माहीत असेल तर कृपया मला थेट कळवा.