आठ ओळी आणि दोन म्हाताऱ्या – तुमचं असं कधी झालंय का?

काल मैत्रिणीकडे तिचं जुनं कपाट रिकामं करायला गेले होते. खालच्या कप्प्यात आमची कवितांची वही निघाली, अकरावीतली. आम्ही दोघी एकीच वहीत लिहायचो, एक दिवस ती घरी न्यायची एक दिवस मी. जांभळ्या शाईची पानं आता तपकिरी झालीत. आणि मधेच बालकवींची 'औदुंबर'.

तिने मोठ्याने वाचली, आठच तर ओळी. वाचून झाल्यावर म्हणाली, किती शांत वाटतं गं. मी म्हटलं शांत? मला तर ही कविता वाचली की पोटात खड्डा पडतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. चाळीस-बेचाळीस वर्षं आम्ही ही कविता "आपली" म्हणत होतो आणि दोघींची वेगवेगळीच निघाली!

माझं म्हणणं असं की अख्ख्या कवितेत माणूस एकही नाही. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पण कुणी दिसत नाही. चालतेय ती फक्त पायवाट, आणि तीसुद्धा 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे'. हिरव्यातून काळ्याकडे. शेवटी एक झाड पाय सोडून एकटंच बसलंय. मला हे मरणाबद्दल वाटतं, निदान तिथे जावंसं वाटण्याबद्दल तरी.

तर ती म्हणाली, अगं बावळट, गावातली पायवाट पाण्याकडे नाही जाणार तर कुठे जाणार? रोज बाया घागरी घेऊन जात असतील, गुरं जात असतील. 'पायवाट पांढरी' असं म्हटलंय ना, ती पांढरी कशाने झाली? पावलांनी. माणसं नाहीत कशी, सगळं गाव त्या वाटेत आहे.

खोटं कशाला बोलू, मला पाच मिनिटं उत्तर सुचलं नाही. मग मी म्हटलं बरं, शेवटच्या 'गूढ काळिमा'चं काय करशील? तिथे ती जरा अडकली. तेव्हा तिच्या नातीने छापील पुस्तक काढून दाखवलं तर तिथे 'गोड काळिमा' आहे!! वहीत गूढ लिहिलंय. इतकी वर्षं आम्ही दोघी चुकीचं पाठ म्हणत होतो.

मैत्रिणीला वाटलं ती जिंकली. मला उलट वाटतं काळोख गोड वाटायला लागणं जास्त भयंकर. घरी आले तरी फोनवर भांडण चालूच आहे. तुमचं कुणाचं असं झालंय का, जुन्या कवितेवरून? लिहा.

---

खिडकीतली
अय्या मला कायम 'बसला असला औदुंबर' म्हणजे बसला असेल असं वाटायचं, म्हणजे कवी लांबून अंदाज करतोय की तिकडे बसला असेल बुवा. वडील म्हणायचे असला म्हणजे असा. आमच्याकडे यावरून जेवायच्या वेळी वाद व्हायचे. कपडे वाळत घालायचेत नंतर येते

---

टोपणनाव_सुचेना
बालकवींनी आत्महत्या केली होती ना रेल्वेखाली? मग तुमचाच अर्थ बरोबर आहे. विषय संपला.

---

जुनंपान
विषय संपला नाही :) ते 5 मे 1918 ला गेले, जळगावजवळ भादली स्टेशनात, आगगाडीखाली सापडून. वय 27. पण तो अपघात म्हणूनच सांगितला जातो, आणि पुढे झालेल्या मृत्यूवरून आधी लिहिलेल्या कवितेचा अर्थ लावायचा म्हणजे शेवटचं पान वाचून पहिल्या पानावर रडण्यासारखं आहे.

त्यापेक्षा शब्दांकडे बघा. शेवटच्या दोन ओळी सुट्या वाचू नका, ते एकच वाक्य आहे. 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. पसरी म्हणजे पसरवतो. कोण पसरवतो? औदुंबर. पाणी झाकोळून टाकून तोच लाटांवर काळिमा पसरतोय, म्हणजे ही त्याची सावली आहे. मैत्रिणीचा मुद्दा इथे बळकट होतो, कारण सावली गोड असणारच. पण मग धागाकर्तीच्या बाजूने एक अडचण उरते, डोह त्याच्या आधीच्याच ओळीत 'काळा' होऊन बसलाय, औदुंबर कवितेत यायच्या आधी. म्हणजे काळं दोनदा आलंय, एकदा नुसतं आणि एकदा गोड. माझं स्वतःचं मत विचाराल तर कविता या दोन काळ्यांच्या मधे कुठेतरी आहे, पुढे मलाही जाता आलेलं नाही.

आणि @खिडकीतली, वडिलांचं बरोबर वाटतं. असला म्हणजे अशा प्रकारचा, वरचं सगळं बघून झाल्यावर बोट दाखवल्यासारखं. पण तुमचं 'असेल' कानाला इतकं सहज लागतं की ते पूर्ण चूक म्हणायला जीभ वळत नाही.

---

मंजिरीमावशी
औदुंबर हे दत्तगुरूंचं झाड आहे. त्याच्याखाली बसून जप केला की मनाला फार शांतता मिळते. कुंडीत लावलं तर चालतं का कुणाला माहिती आहे का? टेरेसवर ऊन भरपूर आहे

---

रानभूल
मावशी कुंडीत नका लावू मुळं कुंडी फोडतील, शिवाय भिंतीजवळही नको. उंबर भला मोठा होतो.

कवितेबद्दल, मी शेतीतला माणूस, अर्थबिर्थ फारसा कळत नाही, पण उंबर ओढ्याकाठी, नदीकाठी भरपूर असतो आणि काठ खचला की मुळं उघडी पडतात, पाण्यात उतरलेली दिसतात, अगदी कुणी बसून पाय सोडल्यासारखी. त्यामुळे पाय टाकुनी हे मला कधी उपमा वाटलंच नाही, बघितलेलं लिहिलंय असं वाटलं. आणि डोह काळाच दिसतो, खोल पाणी आहे म्हणून, त्यात भीतीचं काही नाही. भर दुपारी नांगरट करून आलात आणि उंबराखाली बसलात तर काळिमा गोड का ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

---

धागाकर्ती
@रानभूल हा प्रतिसाद मैत्रिणीला वाचून दाखवला, तिने फोनवर टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझं वाटोळं केलंत.
पण एक सांगा, दुपार कवितेत कुठे आहे? ऊन हा शब्दच नाही.

---

रानभूल
नाहीये खरं. मी घरूनच आणलं बहुतेक ऊन.

---

सायकलवाला
माझी केस वेगळी आहे. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये माझी एक कविता छापून आली होती, 'तू सोडून गेलीस तेव्हा घंटाही वाजली नाही' असं काहीतरी भयाण. माझ्या मित्राला तीस वर्षं वाटत होतं की ती त्याच्या बहिणीवर आहे आणि तो मनात धरून बसला होता. गेल्या वर्षी रीयुनियनला दोन तास बोलल्यावर हिंमत करून विचारलं. मी म्हटलं अरे माझी सायकल चोरीला गेली होती!! तो मानायलाच तयार नाही. म्हणतो कवीला स्वतःला कळत नसतं.

---

खिडकीतली
😂😂 घंटा वाजली नाही तिथेच कळायला हवं होतं हो

---

जांभळीशाई
शाईचं वाचून इतकं बरं वाटलं. आम्ही शाईची पूड मिळायची ती पाण्यात कालवायचो, जास्त पाणी झालं की अक्षरं फिकी, कमी झालं की निब अडकायची. आणि शर्टाच्या खिशाला कायम डाग. कुणाकडे अजून ती पूड आहे का

---

सायकलवाला
पूड नाही पण डाग आहे. शर्ट आईने पुसायचं फडकं करून टाकला.

---

टोपणनाव_सुचेना
ओके अपघात तर अपघात. पण माणूस मुळात उदास होता हे तरी मान्य करा. शाळेत आम्हाला फुलराणी, आनंदी आनंद गडे आणि श्रावणमास एवढंच होतं म्हणून मला वाटायचं बालकवी म्हणजे बागेत उड्या मारणारं कुणीतरी. मग पुढे कधीतरी 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' वाचली आणि एकदम गार झालो.

---

जुनंपान
हे अगदी मान्य. 'पारवा' पण वाचा, पडकी धर्मशाळा आणि आत घुमणारा पारवा, तिथे उदासी लपवलेली नाही. गंमत अशी आहे की उदासीनतेच्या कवितेत ते उदास शब्द वापरून सांगतात, औदुंबरमध्ये भावनेचा एक शब्द नाही. शोधून बघा. हिरवं, निळंसावळं, पांढरं, काळं, नुसते रंग आणि जागा. अख्ख्या आठ ओळीत आवडनिवड सांगणारे शब्द दोनच, 'चिमुकलें' आणि 'गोड'. म्हणून तर दोघी भांडू शकतात. आणि म्हणून तुमच्या वहीतलं गूढ ही साधी चूक नाही, भावनेचा जो एक धागा होता तोच बदलला गेला.

वही कुणाच्या हातची आहे? गूढ कुणी लिहिलं?

---

नीता_के
मी फक्त वाचतेय. आमच्या ग्रुपमधली कविता म्हणणारी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. भांडायला कुणी उरलं नाही. तुम्ही भांडा भरपूर.

---

खिडकीतली
@नीता_के ❤️

---

धागाकर्ती
@नीता_के तुम्हाला हवं तर मैत्रिणीचा नंबर देते, ती कुणाशीही भांडते. खरंच सांगतेय, कधीही मेसेज करा.

@जुनंपान हाच तर घोळ आहे, मुद्दाम लिहिलं नव्हतं. आज सकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली, भिंग घेऊन! कवितेच्या बाजूला समासात पेन्सिलीने बारीक लिहिलंय "मृत्यू?". प्रश्नचिन्हासकट. म्हणजे अकरावीत आमच्यापैकी एकीला हे सुचलं होतं.

ती म्हणते तू लिहिलंस, तेव्हापासूनच तुझं डोकं असलं. मी म्हणते मी नाही, मला ही भीती खूप नंतर, आई गेल्यावर वाटायला लागली, अकरावीत मी या कवितेवर चाल लावून नाचले होते गॅदरिंगला. मग तिनेच लिहिलं असणार आणि आता ती घागरी आणि गुरं सांगतेय. तर ती चिडली. म्हणाली माझी काय बिशाद होती तेव्हा मरणाचा विचार करायची, घरात चार भावंडं मी सांभाळत होते.

---

जुनंपान
अक्षरावरून कळेल की. 'म' ची गाठ बघा, 'त्यू' चा उकार बघा.

---

धागाकर्ती
बघितलं हो भिंगातून. अडचण अशी की त्या वर्षी आम्ही ठरवून अक्षर एकसारखं केलं होतं, बाईंना ओळखता येऊ नये म्हणून, एकमेकींचे निबंध लिहून द्यायचो. गूढ मधला ग पण तसाच, कुणाचाही असू शकतो.

ती आता आत पलंगावर आडवी झालीये, वही छातीवर. म्हणतेय मला आधी पायवाटेवालं कडवं परत वाचून दाखव, तू नेहमी ते घाईत म्हणतेस.