शब्दचर्चा: ‘क्यू डेप्थ’ आणि ‘कन्झ्युमर लॅग’ हे आकडे नेमके काय सांगतात?

अनुवादिनी
एका सॉफ्टवेअरच्या देखरेख-पुस्तिकेचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासणीसाठी आला आहे. पुस्तिका रात्रपाळीतल्या तंत्रज्ञांसाठी आहे. पडद्यावर ‘क्यू डेप्थ’ आणि ‘कन्झ्युमर लॅग’ असे दोन आकडे दिसतात आणि आधीच्या अनुवादकाने दोन्हींना ‘रांगेची लांबी’ असेच म्हटले आहे. मूळ मजकुरात मात्र पहिला आकडा वाढला तर थोडे थांबून पाहावे आणि दुसरा वाढतच राहिला तर वरिष्ठांना उठवावे, अशी वेगवेगळी सूचना आहे. हा भेद कशामुळे आहे ते समजल्याशिवाय शब्द निवडणे मला धोक्याचे वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

धोपटमार्गी
माझ्या मते दोन्हींचा अर्थ एकच आहे. जेवढे संदेश प्रक्रियेवाचून पडून आहेत, तेवढा तो आकडा. शून्य असेल तर काम वेळेवर चालले आहे, मोठा असेल तर मागे पडले आहे. आधीच्या अनुवादकाने काही चूक केली आहे असे मला वाटत नाही.

पटांगण
लॅगला आमच्याकडे सरळ ‘अडकणे’ म्हणतात. ऑनलाइन खेळताना नेट संथ झाले की पात्र जागच्या जागी अडकते, तोच हा लॅग. पिंग पाहिला की लगेच कळते. पुस्तिकेतही तेच लिहावे.

रात्रपाळी
पटांगण यांनी सांगितलेला लॅग जाळ्यातल्या प्रवासाचा आहे. इथला लॅग कामाचा आहे. नेट उत्तम असतानाही तो लाखांत जाऊ शकतो, त्यामुळे तो शब्द इथे चालणार नाही.

धोपटमार्गी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रॅबिटएमक्यूसारख्या संदेश-रांगेच्या व्यवस्थेत कन्झ्युमरने, म्हणजे संदेश उचलून काम करणाऱ्या प्रोग्रामने, काम झाल्याची पोच दिली की संदेश रांगेतून नाहीसा होतो. त्यामुळे रांगेत उरलेले संदेश मोजले की उरलेले काम कळते, आणि हीच डेप्थ. काफ्का या दुसऱ्या व्यवस्थेत संदेश वाचल्यावरही जागेवरच राहतो. तिथे प्रत्येक कन्झ्युमर-गट आपण कुठपर्यंत पोहोचलो याची खूण, म्हणजे ऑफसेट, नोंदवत जातो आणि शेवटचा लिहिलेला संदेश व ती खूण यांतले अंतर म्हणजे लॅग. एकाच टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या एकाच प्रवाहावर, पावत्या पाठवणारा गट 10 संदेश मागे असेल आणि अहवाल तयार करणारा गट 10 लाख मागे असेल, तरी दोन्ही आकडे खरे असतात. ‘रांगेची लांबी’ म्हटले की ती कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्नच पुसला जातो, आणि रात्री दोन वाजता नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो.

‘शून्य म्हणजे ठीक’ या विधानालाही माझी हरकत आहे. रॅबिटएमक्यूमध्ये उचलायच्या बाकी संदेशांचा `messages_ready` शून्य आणि उचललेल्या पण पोच न आलेल्या संदेशांचा `messages_unacknowledged` चढता, असे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. कन्झ्युमरने एका वेळी किती संदेश उचलावेत यावर मर्यादा घातली नसेल, तर तो सगळी रांग आपल्या मेमरीत ओढून घेतो. रांग रिकामी दिसते, पण काम झालेले नसते, आणि तो कन्झ्युमर कोसळला की तेच संदेश एकदम रांगेत परत येतात. म्हणून डेप्थ वाचताना हे दोन आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

अनुवादिनी
भेद समजला, आभारी आहे. पण मग थांबून पाहण्याची आणि उठवण्याची सीमा कुठे? पुस्तिकेत ‘10,000 च्या वर’ असे लिहिले आहे.

रात्रपाळी
नुसत्या आकड्याला सीमा लावणे हीच मुळात चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. समजा लॅग 36,000 आहे, सेकंदाला 40 संदेश येत आहेत आणि वर्करांची, म्हणजे कन्झ्युमरांची, एकत्रित क्षमता सेकंदाला 50 आहे. या एका लॅगमधून तीन वेगवेगळ्या वेळा निघतात. आत्ता ज्या संदेशावर काम चालू आहे तो किती जुना आहे? आवक सारखी राहिली असेल, तर 36,000 भागिले 40, म्हणजे 15 मिनिटे. आत्ता आलेल्या संदेशाला किती थांबावे लागेल? 36,000 भागिले 50, म्हणजे 12 मिनिटे. आणि सगळे साचलेले काम उरकून गाडी रुळावर कधी येईल? त्यासाठी भागाकार फरकाने, म्हणजे 10 ने करावा लागतो. उत्तर 3,600 सेकंद, पूर्ण एक तास. ग्राहकाची तक्रार दुसऱ्या वेळेबद्दल असते, तर वरिष्ठ विचारतात ती तिसरी. लोक पहिलीच सांगून मोकळे होतात.

आवक 50 वर गेली की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते, मग लॅग 36,000 असो की 300. म्हणून सूचना दोन गोष्टींवर बांधावी: सर्वांत जुना संदेश किती वेळ थांबला आहे, आणि आकडा गेली दहा-पंधरा मिनिटे एकाच दिशेने जात आहे का. मध्यरात्री व्याजआकारणीचे काम सुटले की लाखभर संदेश एकदम येतात आणि तासाभरात ओसरतात. त्यासाठी कोणाला उठवू नये.

विदर्भकर
शब्दाविषयी थोडे सुचवतो. ‘अनुशेष’ हा शब्द आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. प्रादेशिक असमतोलावरील दांडेकर समितीचा अहवाल 1984 साली आला, तेव्हापासून सिंचनाचा, रस्त्यांचा, भरतीचा अनुशेष आम्ही ऐकत आलो आहोत. साचलेल्या संदेशांना अनुशेष म्हणावे. एका विशिष्ट तारखेला मोजलेला अनुशेष भरत आणला, तरी मधल्या काळात नवा वाढलेला असतो, हा अनुभवही इथे तंतोतंत लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

पावतीवाला
चर्चा वाचून राहवले नाही, कारण योगायोगाने माझ्याकडेही लॅग 36,000 च आहे. आमच्या कंपनीत दुकानदारांच्या विक्रीच्या पावत्या तयार करून पाठवण्याचे काम काफ्कावर चालते. पार्टिशन, म्हणजे टॉपिकचे भाग, चार, वर्कर चार, प्रत्येकाची क्षमता सेकंदाला साधारण साडेबारा, म्हणजे एकूण 50, आणि आवक 40. रात्रपाळी यांच्या हिशेबाप्रमाणे तासात मोकळे व्हायला हवे होते. पण लॅग मिनिटाला दोनशेच्या आसपास वाढतच आहे. आणखी दोन वर्कर जोडले, तरी काहीही फरक पडला नाही.

रात्रपाळी
आपण एकूण बेरीज पाहत आहात, असा माझा अंदाज आहे. पार्टिशननिहाय आकडे द्यावेत:

```
kafka-consumer-groups.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --describe --group pavti
```

पावतीवाला
हे घ्या. बाकीचे रकाने काढले आहेत.

```
PARTITION  CURRENT-OFFSET  LOG-END-OFFSET  LAG
0          412880          412893          13
1          409117          409131          14
2          456540          492502          35962
3          410264          410275          11
```

रात्रपाळी
इथेच सगळे उघड झाले. तीन पार्टिशन स्वच्छ आहेत आणि संपूर्ण लॅग एकट्या 2 क्रमांकात आहे. तिथे सेकंदाला किती संदेश येतात ते पाहिले का?

पावतीवाला
16. बाकी तिघांत प्रत्येकी 8.

रात्रपाळी
मग हिशेब जुळतो. 16 येतात, साडेबारा उरकतात, साडेतीन उरतात. मिनिटाला 210. आपली 50 ची क्षमता कागदावर खरी आहे, पण एका गटात एका पार्टिशनवर एकाच वेळी एकच कन्झ्युमर काम करू शकतो, त्यामुळे बाकी तिघांची उरलेली ताकद 2 क्रमांकाच्या कामी येत नाही. आपण जोडलेले दोन वर्कर तर रिकामेच बसले असतील, कारण त्यांना द्यायला पार्टिशनच शिल्लक नाही. बेरजेवरून जुना संदेश 15 मिनिटांचा वाटतो, पण या पार्टिशनवर 35,962 भागिले 16 केले तर तो साडेसदतीस मिनिटांचा निघतो, आणि आत्ता आलेल्या पावतीला 48 मिनिटे थांबावे लागेल. संदेश कोणत्या पार्टिशनमध्ये जाणार हे ठरवणारी की म्हणून दुकानदाराचा क्रमांक लावला आहे का?

पावतीवाला
होय. आणि गेल्या आठवड्यात एक फार मोठा दुकानदार जोडला गेला. त्याच्या पावत्या त्याच पार्टिशनमध्ये जातात, हे आत्ता तपासले.

धोपटमार्गी
मग पार्टिशन चाराचे आठ करावेत. प्रश्न मिटला.

रात्रपाळी
मिटणार नाही. त्या दुकानदाराची की एकच आहे, त्यामुळे आठ केले तरी त्याच्या सगळ्या पावत्या कोणत्या तरी एकाच पार्टिशनमध्ये जातील. शिवाय पार्टिशनची संख्या बदलली की इतर दुकानदारांच्या कीही नव्या जागी पडतात आणि बदलाच्या वेळी त्यांच्या संदेशांचा क्रम मोडू शकतो. पावत्यांना दुकानदारनिहाय क्रम खरोखर लागत नसेल, तर की म्हणून पावतीचा क्रमांक घ्यावा. म्हणजे नवे संदेश चारही ठिकाणी सारखे वाटले जातील. साचलेले मात्र त्याच पार्टिशनमधून उपसावे लागतील: तिथली आवक 10 वर आली, तर फरक अडीच राहील आणि त्याला चार तास लागतील. क्रम लागत असेल, तर एका पावतीला लागणारा वेळ कमी करणे एवढाच मार्ग उरतो.

पावतीवाला
क्रम लागतो की नाही याबद्दल आमच्यातच दोन मते आहेत. हिशेब विभागाला विचारावे लागेल.

जुनेजाणते
एक भर घालतो. लॅग अचानक शून्यावर आला, तर आधी आनंद मानू नये. काफ्कात संदेश कायम राहत नाहीत, मूळ मांडणीत सात दिवसांनी जुने पुसले जातात. एखादा गट त्याहून मागे पडला आणि खूण निकामी झाल्यास कुठून वाचायचे हे ठरवणारा `auto.offset.reset` हा मूळच्या `latest` वरच असेल, तर त्याची खूण थेट टोकाला उडी मारते. आलेखावर लॅग उताराने न येता कड्यावरून पडल्यासारखा सरळ खाली येतो. खरे काम उरकले असते, तर प्रक्रिया झालेल्या संदेशांचा आकडाही त्याच वेळी उसळला असता. तो उसळला नसेल, तर ते संदेश कोणीही न वाचता गेले आहेत.

अनुवादिनी
आता माझा कच्चा मसुदा असा आहे: डेप्थसाठी ‘साचलेले संदेश’, लॅगसाठी ‘गटाची पिछाडी’, आणि 10,000 ची सीमा काढून ‘सर्वांत जुना संदेश 10 मिनिटांहून जुना, आणि पिछाडी सलग 15 मिनिटे वाढती’. पिछाडी पार्टिशननिहाय पाहावी, अशी ओळही जोडते आहे. ‘अनुशेष’ मला आवडला, पण तो दोन्हींना लागू पडतो, म्हणून बाजूला ठेवला.

विदर्भकर
‘पिछाडी’ खेळातली वाटते. ‘अनुशेष’ भारदस्त आहे. माझे मत बदललेले नाही.

रात्रपाळी
पिछाडी मला चालेल. 10 मिनिटांचा आकडा मात्र सर्व रांगांना एकच ठेवू नये. ओटीपीच्या रांगेत 10 मिनिटे म्हणजे ओटीपीची मुदत बहुधा संपलेलीच असते, आणि मासिक अहवालाच्या रांगेत दोन तासांनीही कोणाचे बिघडत नाही. प्रत्येक रांगेसमोर एक रिकामा रकाना सोडावा आणि तो त्या त्या कामाच्या मालकाकडून भरून घ्यावा.